कथा: ओळ तिसरी (तपशील तपासून हवे आहेत)

ओसरीवरून

कथेचा कच्चा खर्डा टाकतोय. भाषेबद्दल नंतर बोलू. आधी मला हे हवंय की शाळा, एसएमएस आणि ऊसतोड या तिन्हीतलं काही खोटं वाटत असेल तर सांगा.

*शिरूर कासार तालुक्यातलं गाव. जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी-चौथीचा जोडवर्ग, पट ३८. दिवाळी झाली आणि गावातले निम्मे उंबरे कुलूपबंद झाले. टोळ्या कारखान्यांच्या तळावर गेल्या. काही लेकरं आजीपाशी राहिली, काही आईबापांबरोबर गेली.*

*सुनंदाबाईंनी जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये नवं सिम घातलं. ठरल्या वेळी आपोआप एसएमएस पाठवणारं अ‍ॅप बसवलं आणि हजेरीपटावरून ३८ नंबर त्यात भरले. मालिका बारा दिवसांची, रोज सकाळी सातला एक ओळ. पहिला मेसेज असा होता:*

*"नमस्कार. आज मुलाकडून ही ओळ मोठ्याने वाचून घ्या: आजीने चुलीवर भाकरी भाजली. वाचता आली का ते कळवा. तुमच्या मुलांच्या बाई, जिल्हा परिषद शाळा."*

*आलेल्या प्रत्येक उत्तराला परस्पर जबाब जावा म्हणून त्यांनी आणखी एक सोय केली होती: "शाब्बास! असंच रोज वाचून घ्या."*

*दुपारपर्यंत एकही उत्तर नाही. रात्री आठनंतर मिस्ड कॉल सुरू झाले. एक, मग तीन, मग मोजणं सोडलं. बाईंना वाटलं, नवा नंबर आहे, कुणाचा म्हणून बघत असतील. नऊला पहिला मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला: "बाई भाकरी काय केली". बाई हसल्या. यांना ओळ कळली नाही की चेष्टा चाललीय? तेवढ्यात फोनने स्वतःच उत्तर देऊन टाकलं: शाब्बास!*

*पुढचा मेसेज: "लेकरू दोन दिसापासून तापीनं हाय". शाब्बास! असंच रोज वाचून घ्या.*

*बाईंनी घाईघाईने ती सोय बंद केली. तोवर फोन वाजला. नंबर मुकादमाचा, आवाज बाईमाणसाचा. "बाई, शेजारच्या कोपीत तुमचा मेसेज आला, आमच्यात नाही आला. पोरीचं नाव काढलं का शाळंतून?"*

*"नाही हो. सगळ्यांना पाठवलाय."*

*"पोरांच्या बापाला आलाय. पोरींच्या नाही आला. मी इचारलंय तळावर."*

*अ‍ॅपच्या नोंदीत ३८ पैकी ३८ असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं. बाईंनी मेसेजचं मूळ अ‍ॅप उघडलं. शेवटच्या पाच नावांपुढे लाल खूण होती. पट क्रमांक ३४ ते ३८. पाचही मुली.*

पुढे बाई काय करतात ते अजून लिहिलेलं नाही. दोन शंका आहेत. शेवटच्या पाचांनाच मेसेज न जाणं तांत्रिकदृष्ट्या खरं वाटतं का? आणि "भाकरी काय केली" हे उत्तर यावं यासाठी मेसेज अर्धाच पोचायला हवा, तसं होऊ शकतं का?

खटपट्या

दोन्ही होतं, आणि तुमचा मेसेज त्यासाठी नेमका लागू पडतो. हे तुम्ही मोजून केलंय की नशिबाने जमलंय?

मराठी एसएमएस ७० एककांचा असतो. त्याहून लांब झाला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात, कारण तुकडे जोडायची खूण थोडी जागा खाते. म्हणजे दोन तुकड्यांत १३४, तीनमध्ये २०१. आणि मोजायची ती अक्षरं नव्हेत. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडलेल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजतात. "घ्या" दिसायला एक अक्षर, पण घ, हलन्त, य आणि काना मिळून चार. "मोठ्याने" आठ.

बाईंचा मेसेज स्पेससकट १३७ भरतो. फक्त तीन एककं जास्त, पण त्यामुळे तिसरा तुकडा झाला. ३८ पालक गुणिले ३ म्हणजे ११४. पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात आणि कंपनी तुकडे मोजते, माणसं नाही. ३३ पालकांचे ९९ झाले, ३४व्याचा पहिला तुकडा शंभरावा. पुढचे खरं तर मुख्य बॅलन्समधून पैसे कापून जातात. नव्या सिमवर बॅलन्स शून्य, म्हणून अडकले. कथेत एवढं वाक्य टाका की सिमवर पॅक होता, बॅलन्स नव्हता. नाहीतर जाणकार वाचक इथेच थांबेल.

आता तो पहिला तुकडा. ६७ एककं मोजली तर "आजीने चुलीवर भाकरी" आणि त्यानंतरची स्पेस, इथे बरोबर कापला जातो. म्हणून ३४व्या पालकाचा प्रश्न अगदी रास्त आहे. एकच अट: अँड्रॉइड फोन सगळे तुकडे येईपर्यंत मेसेज दाखवतच नाही. आला तेवढा दाखवून टाकणारे काही साधे बटणाचे फोन असतात. त्या बापाच्या हातात तसा फोन द्या.

अ‍ॅपच्या नोंदीत ३८ हिरवे दिसतात हेही बरोबर. ते अ‍ॅप फक्त "पाठवायला दिला" एवढंच लिहितं. गेला की नाही ते मेसेजच्या मूळ अ‍ॅपमध्ये कळतं.

सरळमार्गी

मुळात बाईंनी एसएमएस का निवडला? व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, २५६ जणांना एकदम जातो, तुकड्यांची भानगड नाही, फुकट. शिवाय घाऊक मेसेजसाठी लागणारी डीएलटी नोंदणी न करता असे एकगठ्ठा एसएमएस पाठवणं ट्रायच्या नियमात बसत नाही. शिक्षिकेला नोटीस येईल. आणि ते शाब्बासवालं प्रकरण बँकेच्या न् रिचार्जच्या मेसेजनाही उत्तरं देत बसेल, १०० चा कोटा त्यातच संपेल.

खटपट्या

२५६ बरोबर. पण ज्याच्या फोनमध्ये बाईंचा नंबर सेव्ह आहे त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. नवं सिम, कुणीच सेव्ह केलेलं नाही, म्हणजे ३८ पैकी शून्य. आणि बाईंच्या स्क्रीनवर तो गेलेलाच दिसेल.

डीएलटी ही कंपनीच्या घाऊक मार्गाने, नंबराऐवजी अक्षरी हेडर लावून पाठवणाऱ्यांसाठी असते. स्वतःच्या सिमवरून ओळखीच्या ३८ पालकांना पाठवणं त्या वाटेने जात नाही. मात्र कुणी १९०९ वर तक्रार केली तर साध्या नंबरवरही कारवाई होऊ शकते. म्हणून पहिल्या मेसेजात बाईंचं नाव आणि गाव हवं, आणि लिंक कधीच नको. इथे तुमच्या कथेत उणीव आहे: "तुमच्या मुलांच्या बाई" म्हणजे कुठल्या? पालकाला दोन शाळा माहीत असतात.

बँकेचं म्हणाल तर अक्षरी हेडरवर उत्तर जातच नाही. कोटा खाणारी गोष्ट वेगळीच आहे. उलट उत्तरंही त्याच शंभरात मोजली जातात. बाईंचे शंभर सकाळीच संपले होते, मग रात्रीचं "शाब्बास" गेलं कसं? एकतर तेही लाल खुणेने अडकलं पाहिजे, नाहीतर ते प्रकरण दुसऱ्या दिवसावर ढकला.

ओसरीवरून

अरे देवा. हे ध्यानातच आलं नव्हतं. मोजलं नव्हतंच, मेसेज जसा सुचला तसा लिहिला होता. "शाब्बास" दुसऱ्या दिवशी सकाळी नेतो, कोटा नव्याने सुरू झाल्यावर.

कोरीपाटी

शाळेच्या बाजूने बघते.

शेवटच्या पाच मुलीच असणं पटतं. अनेक शाळांत हजेरीपटावर आधी मुलगे आणि मग मुली लिहितात. त्यामुळे यादी जिथे तुटेल तिथे मुलीच कापल्या जातात, कुणाच्या मनात काही नसताना. बाईंनी पट बघितल्याबरोबर हे कळलं असं दाखवा, कारण शिक्षिकेला क्रमांकावरून चेहरा आठवतो. लाल खुणा बघून "पाचही मुली" असा धक्का वाचकाला बसेल, तिला नाही. तिला धक्का बसेल तो तळावरच्या बाईने हे आधी ओळखलं याचा.

मोठी चूक दुसरीकडे आहे. हजेरीपटावरचा नंबर कुणाचा? प्रवेशाच्या वेळी बापाचा लिहिलेला. बाप कारखान्याच्या तळावर, लेकरू गावात आजीपाशी. मेसेज म्हणतो "मुलाकडून वाचून घ्या". ज्याला मेसेज गेला त्याच्यापाशी मूलच नाही. आजीचा नंबर बहुधा कुठेच नोंदवलेला नसतो, आणि तिचा फोन उचलायच्या कामाचा, वाचायच्या नाही. तेव्हा बाईंची खरी यादी तीन प्रकारची व्हायला हवी: लेकरू गावात आणि बापही गावात, लेकरू गावात पण बाप तळावर, आणि दोघंही तळावर. तिघांना एकच मेसेज देऊन भागत नाही. दुसऱ्या प्रकाराला "आज फोनवर ही ओळ ऐकून घ्या" असं हवं.

आणि "नाव काढलं का" हा प्रश्न हवेतून आलेला नाही. स्थलांतरित मुलाला निघताना शाळेने शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, ते दाखवून तळाजवळच्या शाळेत बसता येतं. त्या आईला ते मिळालंय का? मिळालं असेल तर तिच्या पिशवीत असेल आणि ती त्याचाच हवाला देईल. नसेल तर बाईंच्या गोंधळापेक्षा मोठी गोष्ट तिथे आहे. कथा कुठल्या बाजूला जाणार हे ठरवा.

फडावरचा

वेळ चुकली राव. सकाळी सातला कोयता फडात असतो, पहाटेच्या अंधारात निघालेला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघंही ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी आली की भरतात. गाडी कधी येईल ते कारखान्यावर. फोन चार्ज करायचा तर कोपीत वीज असेलच असं नाही, मुकादमाच्या गाडीवर नाहीतर दुकानात लावतात. सात वाजता आलेला मेसेज वाचला जातो रात्री. म्हणून आठनंतर उत्तरं येतात हे बरोबर लिहिलंय, पण बाईंना ते आधी माहीत असायला हवं होतं. बीडच्याच ना त्या?

मिस्ड कॉलबद्दल. ते "कुणाचा नंबर" म्हणून नाहीत. स्वस्त पॅकमध्ये एसएमएस नसतात किंवा मोजके असतात, आणि बटणावर मराठी टाइप करत कोण बसणार. "कळवा" म्हणलं की माणूस मिस्ड कॉल देतो. तेच कळवणं. बाईंनी मेसेजात लिहायचं होतं: वाचली तर एक मिस्ड कॉल द्या. मग हिशोबही लागला असता. पण तुम्ही ते बाईंना न कळलेलं ठेवलंय ते कथेला बरं आहे, बदलू नका.

आणि मुकादमाचा फोन सहज मिळत नाही. त्या बाईने तो मागितला म्हणजे तिला केवढं लागलंय ते कळतं. पण मुकादम शेजारी उभा असणार हे विसरू नका. ती मोकळं बोलणार नाही. दोन वाक्यांत आटपेल.

नीलम_नाशिक

छान धागा. माझ्या क्लासला ४०० विद्यार्थी आहेत, फीची आठवण पालकांना महिन्याच्या ५ तारखेला आपोआप जावी असं करायचंय. ते अ‍ॅप कुठलं आणि एका सिमवरून ४०० जातील का?

खटपट्या

नाही जाणार. फीची आठवण हा धंद्याचा मेसेज. तिथे सरळमार्गींचं म्हणणं लागू होतं: डीएलटीवर संस्था, हेडर आणि मजकुराचा साचा नोंदवून घाऊक सेवा घ्या. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

दुपारची_सुट्टी

"शाब्बास" काढू नका. कथेचा जीव तिथे आहे. ताप आलेल्या लेकराच्या बापाला शाब्बासकी मिळते, ही एका वाक्याची चूक नाही. बाईंनी उत्तर येण्याआधीच ठरवून टाकलं होतं की उत्तर काय असणार. त्यांना वाटलं पालक दोनच गोष्टी सांगतील: वाचली किंवा नाही वाचली. पालकांनी त्या नंबरचा उपयोग वेगळाच केला. शाळेला काही सांगायची वाट मिळाली म्हटल्यावर ताप, नाव, भाकरी, सगळं तिथे आलं.

कोरीपाटी

मला तो भाग ओढूनताणून वाटतो. कुठलीही शिक्षिका पहिल्याच दिवशी प्रत्येक उत्तराला शाब्बास लावणार नाही. फार तर "मेसेज मिळाला, संध्याकाळी फोन करते" एवढं ठेवेल. आणि मग गंमत बघा: ३८ जणांना फोन करायचं वचन फोनने परस्पर देऊन टाकलं. ती अडचण जास्त खरी आहे.

दुपारची_सुट्टी

तसं केलं तर बाई फक्त दमतील. शाब्बासमध्ये त्या चुकतात. मला चुकलेली बाई हवी.

खटपट्या

तंत्राने दोन्ही शक्य आहे. फक्त जबाब यादीतल्या नंबरांनाच आणि एका नंबराला दिवसातून एकदाच जाईल अशी अट घाला. नाहीतर समोरच्या फोनवरही आपोआप उत्तराची सोय असेल, तर दोन फोन एकमेकांना रात्रभर शाब्बासकी देत बसतील.

कोरीपाटी

मिस्ड कॉलवरून एक आठवलं, कथेच्या पुढच्या भागासाठी कामाचं आहे. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोत्स्वानामध्ये पालकांना दर आठवड्याला गणिताचा एसएमएस पाठवायचा प्रयोग झाला. काहींना नुसता एसएमएस, काहींना त्याच्या जोडीला शिक्षकाचा १५-२० मिनिटांचा फोन. फोनवाल्या घरांतल्या मुलांचं गणित चांगलं सुधारलं. नुसत्या एसएमएसचा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. तुमच्या कथेतले मिस्ड कॉल म्हणजे फोन करायची यादी आयतीच हातात आलीय. बाईंना ते उमगतं का आणि केव्हा, तिथे दुसरा भाग सुरू होऊ शकतो. पण ३८ घरांना वीस मिनिटं म्हणजे जवळपास पावणेतेरा तास. जोडवर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं सांभाळून आठवड्यात ते कुठे बसवणार? बाईंना ठरवावं लागेल, कुणाला करायचा आणि कुणाला नाही.

फडावरचा

रात्री नऊनंतर करायचा. आणि लेकरू गावात असेल तर आजीच्या फोनवर बाप जोडून घ्यायचा, कॉन्फरन्स. बाप ओळ ऐकतो, आजी म्हणते जेवला का विचार. वीस मिनिटं पुरत नाहीत.

ओसरीवरून

घेतलेले बदल: सिमवर पॅक, बॅलन्स नाही. ३४व्या बापाच्या हातात बटणाचा फोन. वेळ सातचीच ठेवतो, पण बाई मूळच्या बीडच्या नाहीत, बदलून आलेल्या आहेत. मुकादम शेजारी उभा. तिच्या तोंडचं "मी इचारलंय तळावर" काढतोय, एवढं ती बोलणार नाही. शिक्षण हमी पत्रक तिच्याकडे आहे, पण तळाजवळची शाळा लांब पडते म्हणून पोरगी धाकट्या भावाला सांभाळत कोपीतच आहे.

शाब्बासचं ठरत नाहीये.

दुसऱ्या दिवशीचा मेसेज असा करावा का: "आजची ओळ: आजीने चुलीवर भाकरी भाजली. वाचली का? कळवा." तीच ओळ पुन्हा, पाच मुलींसाठी.

खटपट्या

पन्नास भरतात, एकाच मेसेजात बसलं. या साच्यात ओळीला ४५ एककं मिळतात, बाराही ओळी त्यात बसवा. सरळ ३८ जातील, शंभरात ६२ उरतील. एकामागून एक धडाधड पाठवू नका, मध्ये मिनिटभर सोडा. एखादं अ‍ॅप थोड्या वेळात तीसच्या वर पाठवायला लागलं की अँड्रॉइड मध्येच परवानगीची चौकट दाखवून थांबतं, आणि ती चौकट दाबायला सकाळी सातला फोनपाशी कुणी नसतं. पुन्हा शेवटचे आठ लटकतील. पट तसाच असेल तर कोण, ते सांगायला नको.

कोरीपाटी

"कळवा" च्या जागी "मिस्ड कॉल द्या" बसेल का मोजून बघा.

खटपट्या

बसतं. "कळवा." पाच होतं, "मिस्ड कॉल द्या." हलन्त आणि स्पेस धरून पंधरा. एकूण ६०. पण फडावरचा म्हणाला तसं, हे बाईंना दुसऱ्याच दिवशी कळलं तर कथा तिथेच संपेल.

फडावरचा

तिसऱ्या दिवशी कळू द्या. आणि यादी उलटी करा म्हणावं, ३८ पासून वर.